सोसायटीच्या ग्रुपवर नक्की काय ठरलं? लांबलचक चॅटचा गोषवारा काढण्याची रीत

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप घ्या. सकाळी सुप्रभात, मग कुणाची तरी गाडी कुणाच्या तरी जागेत, लिफ्टचा आवाज, हरवलेलं पार्सल, आणि या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी पाण्याची टाकी धुण्याचा विषय. चार दिवसांनी एखादा विचारतो, "मग टाकीचं नक्की काय ठरलं?" त्याला उत्तर मिळतं, "वर वाचा ना." वर तीनशे मेसेज असतात.

हे वर जाऊन वाचायचं काम ज्याच्या गळ्यात पडतं, त्याच्यासाठी हा लेख आहे. बहुतेक वेळा ते काम नव्या कमिटी सदस्याकडे येतं, नाहीतर "तू कॉम्प्युटरवालाच आहेस" म्हणून एखाद्या आयटीतल्या पोराकडे. काम अवघड नाही, पण त्यात फसवणूक भरपूर आहे. चॅट वाचताना जे ठरल्यासारखं वाटतं, ते बरेचदा कुणीतरी नुसतं सुचवलेलं असतं. आणि जो प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा असतो, तो लिफ्टच्या गप्पांखाली गाडला गेलेला असतो.

पायरी १ : कुठून कुठपर्यंत आणि कुणासाठी

वाचायला बसण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा. एक, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचे मेसेज घेणार. दोन, हा गोषवारा कोण वाचणार. कमिटीला हवा असेल तर पैशाच्या गोष्टी नीट हव्यात. सगळ्या रहिवाशांसाठी असेल तर कुठल्या दिवशी पाणी नसणार, हे पहिल्या ओळीत हवं.

तारखांची हद्द गोषवाऱ्याच्या शीर्षकातच लिहा. "८ मार्चच्या संध्याकाळपर्यंत" असं लिहिलेलं असलं की ९ तारखेला काही बदललं तर तुमच्यावर बालंट येत नाही.

पायरी २ : चॅट बाहेर काढा, आणि त्यात काय येत नाही ते लक्षात ठेवा

फोनवर बोटाने वर-खाली करत गोषवारा काढू नका. मधले मेसेज निसटतात आणि निसटलेत हे कळतही नाही. अँड्रॉइडवर ग्रुप उघडून वरच्या तीन ठिपक्यांवर जा, `More` निवडा आणि मग `Export chat`. आयफोनवर ग्रुपच्या नावावर टॅप केलं की माहितीच्या पानावर तळाशी `Export Chat` सापडतं. फोटोंशिवाय काढा, म्हणजे `Without media`. साध्या मजकुराची एक फाइल मिळते, ती स्वतःलाच मेल करा आणि कॉम्प्युटरवर उघडा. ग्रुपमध्ये `Advanced chat privacy` चालू असेल तर चॅट असं बाहेर काढता येत नाही. तेव्हा ॲडमिनशी बोला, किंवा मुकाट्याने फोन आणि वही घेऊन बसा.

या फाइलवर आंधळा विश्वास मात्र ठेवू नका. फोनवर दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी तिच्यात येत नाहीत, आणि नेमक्या त्याच गोष्टी निर्णयाला लागतात.

पहिली म्हणजे उत्तराचा धागा. फोनवर एखाद्या मेसेजला बोटाने सरकवून उत्तर दिलं की मूळ मेसेज वर छोट्या चौकटीत दिसतो. फाइलमध्ये ती चौकट येत नाही, नुसतं "ओके" उरतं. ओके कशाला, ते कळत नाही. दुसरी म्हणजे मेसेजवर दाबून दिलेले अंगठे आणि बदाम. तेही येत नाहीत. वेगळा मेसेज म्हणून पाठवलेला अंगठा येतो, मेसेजला चिकटवलेला येत नाही. तिसरी म्हणजे फोटो, पीडीएफ आणि आवाजी मेसेज. त्यांच्या जागी `<Media omitted>` किंवा तशीच एखादी नोंद दिसते. कोटेशन हमखास पीडीएफमध्ये असतं आणि नकार हमखास आवाजी मेसेजमध्ये, कारण नकार टाइप करायला माणसाला जड जातं.

म्हणून कॉम्प्युटरवर फाइल आणि शेजारी फोन, असं बसा. फाइल शोधायला आणि खुणा करायला, फोन खात्री करायला.

आणखी एक बघून घ्या. ग्रुपवर मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल, तर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस, जी मुदत ठेवलीय त्यापलीकडचं काही मिळणार नाही. तुम्ही ग्रुपमध्ये उशिरा आला असाल तर त्याआधीचं तुमच्या फाइलमध्ये नसेल. अशा वेळी जुन्या सभासदाकडून फाइल मागवावी. पण नावं त्याच्या फोनमध्ये जशी साठवलेली असतील तशीच येतात, हे ध्यानात असू द्या. त्याने खजिनदारबाईंना "कटकट सी विंग" म्हणून साठवलं असेल तर फाइलमध्ये तेच छापून येईल. गोषवाऱ्यात तरी ते येऊ देऊ नका. नावांऐवजी फ्लॅट नंबर किंवा पद लिहिणं सगळ्यांत सोपं.

तारखेचा साचा फोनच्या सेटिंगवर चालतो. `05/03/25` म्हणजे आपल्याकडे ५ मार्च, पण ज्याचा फोन अमेरिकन पद्धतीवर आहे त्याच्या फाइलमध्ये महिना आधी येतो. पहिल्या जागी १२ च्या वरचा आकडा कुठेतरी दिसतोय का बघा. दिसला तर दिवस आधी आहे, शंका मिटली.

पायरी ३ : विषय वेगळे काढा

आता एक मासला घेऊ. हा मी रचलेला आहे, खऱ्या सोसायटीतला नाही, पण असे ग्रुप पाहिलेल्याला ओळखीचा वाटेल. यात ए-१०२ म्हणजे सेक्रेटरी, सी-४०१ म्हणजे खजिनदार. बी-३०४ यांनी टाकी धुणाऱ्याशी बोलायचं काम अंगावर घेतलंय.

```
05/03/25, 9:12 pm - बी-३०४: टाकीवाल्याचं कोटेशन आलंय
05/03/25, 9:12 pm - बी-३०४: <Media omitted>
05/03/25, 9:20 pm - सी-४०१: जास्त वाटतंय. गळतीचं काम धरून आहे का
05/03/25, 9:31 pm - ए-१०२: गुरुवारी पाणी बंदच असतं, १३ ला करून घेऊ
05/03/25, 9:33 pm - डी-१०१: ओके
05/03/25, 9:40 pm - सी-२०२: लिफ्टचा आवाज परत येतोय
05/03/25, 9:41 pm - डी-१०१: ओके, मेकॅनिकला सांगते
06/03/25, 8:05 am - ए-५०३: शुक्रवारी पाणी उशिरा येतं, त्यात धुळवड. रंग कशाने काढायचे?
06/03/25, 8:11 am - बी-३०४: रविवार १६ बघू का?
06/03/25, 8:30 am - ए-१०२: चालेल. रविवार फायनल
07/03/25, 12:20 am - बी-३०४: उद्या त्याच्याशी बोलतो
07/03/25, 10:02 am - सी-४०१: ॲडव्हान्स २००० मी देते. बिल सोसायटीच्या नावाने हवं
08/03/25, 7:15 pm - बी-३०४: तो रविवारी सकाळी ७ ला येतो म्हणाला. टँकर सांगायचा का?
08/03/25, 7:50 pm - सी-२०२: किती लिटरचा?
```

प्रत्यक्षात या चौदा ओळींच्या मध्ये दोनशे इतर ओळी असतात. पहिल्या वाचनात अर्थ लावायच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक कामाच्या ओळीपुढे विषयाची खूण करा: "टाकी", "लिफ्ट", "पार्किंग". बाकीच्या ओळींना काहीच करू नका, पण पुसूही नका. "सुप्रभात"च्याच मेसेजमध्ये खाली एक ओळ टाकीची असू शकते.

ओळी एक्सेलमध्ये टाकणार असाल तर एक काळजी घ्या. एखाद्याने एकाच मेसेजमध्ये तीन ओळी लिहिल्या असतील, तर फाइलमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपुढे तारीख आणि नाव नसतं. तशाच क्रमाने लावल्या तर त्या ओळी अनाथ होऊन कुठेतरी तळाला जातात. आधी त्या वरच्या ओळीला जोडा, मग काय ते करा.

शोधताना निम्मा ग्रुप रोमन लिपीत मराठी लिहितो, हे विसरू नका. "टाकी" शोधलं की `taki` आणि `tank` सुटतात. तिन्ही शोधा.

विषय वेगळे झाले की एक गोष्ट लगेच समोर येते. डी-१०१ यांचं ९:४१ चं "ओके" लिफ्टसाठी आहे, टाकीशी त्याचा संबंध नाही. ९:३३ चं "ओके" कशाला आहे ते फाइलवरून कळत नाही. ते १३ तारखेला असेल, किंवा "जास्त वाटतंय" याला दुजोरा असेल. इथे फोन उघडा आणि उत्तराची चौकट आहे का बघा. नसेल तर तो होकार धरू नका.

पायरी ४ : ठरलेलं ओळखायचं तर शेवटाकडून वाचा

चॅट वरून खाली वाचलं की पहिला ठाम मेसेज मनात घर करतो. "१३ ला करून घेऊ" हे सेक्रेटरींचं वाक्य आहे, ठसठशीत आहे, त्याखाली एक ओकेही आहे. घाईत असलेला माणूस "गुरुवार १३ मार्च" लिहून मोकळा होतो. म्हणून दुसऱ्या वाचनात एकच विषय घ्या आणि खालून वर या. ज्या क्षणी तारखेबद्दलचा सगळ्यांत अलीकडचा मेसेज सापडेल तिथे थांबा, आणि त्याआधीचं सगळं त्या मेसेजच्या मार्गावरचं धरा.

मासल्यात तो मेसेज ६ तारखेचा सकाळी साडेआठचा आहे: "चालेल. रविवार फायनल". गुरुवार का बदलला हे वरच्या मेसेजमध्ये आहे, आणि ते पुण्यात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. महापालिकेने देखभालीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवलं की शुक्रवारी सकाळी ते उशिरा आणि कमी दाबाने येतं, हे त्या सूचनेच्या शेवटच्या ओळीत ठरलेलंच असतं. रिकाम्या झालेल्या वाहिन्या पुन्हा भरायला वेळ लागतो. टाकी गुरुवारी धुतली तर शुक्रवारी ती भरायला पाणी नाही, आणि २०२५ मध्ये नेमकी १४ मार्चला, शुक्रवारी धुळवड होती. हे कारण गोषवाऱ्यात अर्ध्या वाक्यात द्या. नाहीतर पुढच्या आठवड्यात कुणीतरी पुन्हा विचारतो की गुरुवारीच का नाही केलं, आणि चर्चा शून्यापासून सुरू होते.

आता "फायनल" लिहिलं म्हणजे ठरलं का? मी तीन गोष्टी तपासतो. ज्याने ठरवलं त्याला ते ठरवायचा अधिकार किंवा जबाबदारी होती का. ज्याच्यावर काम येणार आहे त्याने होकार दिला का. आणि त्यानंतर कुणी हरकत घेतली का. टाकी धुण्याच्या तारखेसाठी सेक्रेटरी पुरेसे आहेत, बी-३०४ यांनीच तारीख सुचवलीय, नंतर कुणाची हरकत नाही. तिन्ही जमलं, म्हणून "ठरलं" या सदरात जाऊ द्या.

पण तेच सेक्रेटरी "इमारतीला रंग द्यायचा फायनल" म्हणाले असते तर? ग्रुपवर पन्नास अंगठे आले तरी तो सर्वसाधारण सभेचा ठराव होत नाही. सभेची नोटीस, उपस्थिती आणि इतिवृत्त लागतं, आणि किती खर्च कमिटी स्वतःच्या अधिकारात करू शकते याची मर्यादा उपविधींत दिलेली असते. अशा गोष्टी गोषवाऱ्यात "ग्रुपवर कल दिसला, सभेपुढे ठेवायचं" अशाच लिहा. हा फरक पुसला गेला की पुढे भांडणं होतात, आणि ती भांडताना लोक तुमचाच गोषवारा नाचवतात.

शब्दांची धार जशी आहे तशी ठेवा. "बघू का" हा प्रस्ताव आहे. "चालेल" हा होकार आहे. "माझी काही हरकत नाही" याचा अर्थ बहुधा हरकत आहे पण वाद नको, असा असतो, पण ते तुमचं मत झालं, लिहायचं नाही. "बघू" एवढंच असेल तर आपल्याकडे ते सहसा नाही असतं. तरी तुम्ही "उत्तर आलेलं नाही" एवढंच लिहा. आणि शांतता म्हणजे होकार, हा नियम ग्रुपवर लावू नका. गप्प बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी ग्रुप म्यूट केलेला असतो.

पायरी ५ : बेत लिहिताना रिकामे रकाने उघडे ठेवा

ठरलेली गोष्ट आणि तिच्यासाठीचा बेत वेगळा लिहावा. ठरलं ते एका वाक्यात संपतं. बेताला चार रकाने असतात: कोण, काय, कधी, किती पैशात. मेसेजमध्ये जो रकाना भरलेला नाही, तिथे स्वच्छ "ठरलेलं नाही" लिहा. आपल्याला माहीत आहे म्हणून तो भरायचा मोह होतो. तो आवरा.

मासल्यात सी-४०१ दोन हजार ॲडव्हान्स देणार आहेत. कोण आहे, किती आहे, कधी नाही. बी-३०४ "उद्या बोलतो" म्हणाले, तो मेसेज रात्री बारा वाजून वीस मिनिटांचा आहे. फाइलच्या हिशोबाने तारीख ७ उजाडलीय, म्हणून "उद्या" म्हणजे ८ निघते. पण रात्री जागा असलेला माणूस उद्या म्हणतो तेव्हा त्याच्या मनात झोपून उठल्यानंतरची सकाळ असते, म्हणजे ७ तारीख. इथे सुदैवाने ८ तारखेला संध्याकाळी ते बोलून आलेत, त्यामुळे प्रश्न मिटला. मध्यरात्रीनंतरच्या प्रत्येक "आज", "उद्या"कडे मात्र असंच थांबून बघा.

याच जातीचा दुसरा सापळा म्हणजे "रंगाच्या आधी करून टाका" असले मेसेज. काहींच्या लेखी रंग म्हणजे धुळवड, काहींच्या लेखी रंगपंचमी, आणि त्या वर्षी दोन्हींत पाच दिवसांचं अंतर होतं. सण, वार, "पुढचा आठवडा", सगळं तारखेत बदला. ज्याची तारीख निघत नाही, ते प्रश्नांच्या यादीत टाका.

आणि आता मासल्यातली सगळ्यांत धोक्याची ओळ बघा: "तो रविवारी सकाळी ७ ला येतो म्हणाला." हा मेसेज शनिवारी ८ तारखेच्या संध्याकाळचा आहे. त्याच्या पुढचा रविवार दुसऱ्याच दिवशी, ९ तारखेला आहे. ग्रुपला १६ हवाय. बी-३०४ यांनी फोनवर तारीख सांगितली की नुसतं "रविवारी" म्हणाले, हे चॅटमध्ये नाही. वाचणाऱ्या प्रत्येकाने आपल्या डोक्यातला रविवार त्या शब्दात घातला आणि पुढे गेला. गोषवारा काढणाऱ्याचं खरं काम इथे आहे. वार आणि तारीख शेजारी ठेवली की ही फट दिसते, नाहीतर दिसत नाही.

असं काही सापडलं तर गोषवारा पुरा व्हायची वाट बघू नका. बी-३०४ यांना लगेच फोन करा. टाकीवाला सकाळी सातला गेटवर उभा राहिला आणि टाकी काठोकाठ भरलेली असली, तर तुमच्या सुबक कागदाचा कुणाला उपयोग नाही.

पायरी ६ : अनुत्तरित प्रश्न

हे सदर लोक सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत घाईत लिहितात. माझ्या मते गोषवाऱ्यात वाचण्यासारखं जे असतं ते इथेच.

प्रश्नचिन्ह शोधून प्रश्न सापडतील असं वाटत असेल तर निम्मेच सापडतील. खजिनदारांचा "गळतीचं काम धरून आहे का" बघा, शेवटी चिन्ह नाही. म्हणून "का", "किती", "कधी", "कोण", "कुठे" हे शब्द शोधा, आणि त्यांची रोमन रूपंही: `kiti`, `kadhi`, `kon`. "का" शोधल्यावर "काका" आणि "कारण" असले शेकडो मेसेज येतात, तेव्हा त्याच्या अलीकडे-पलीकडे मोकळी जागा टाकून शोधा. तरी वाक्याच्या शेवटचा "का" सुटतो, कारण त्याच्यापुढे मोकळी जागा नसते. विषयाच्या खुणा केलेल्या ओळी एकदा डोळ्यांनी वाचणं हाच शेवटी खात्रीचा मार्ग.

प्रत्येक प्रश्नापासून खाली जा आणि उत्तर शोधा. तीन तऱ्हा दिसतात. एखाद्याचं उत्तर सरळ मिळतं, तो प्रश्न सोडून द्या. एखाद्याला उत्तर म्हणून दुसरा प्रश्न मिळतो. "टँकर सांगायचा का?" याला "किती लिटरचा?" हे उत्तर आलं, आणि दोन्ही लटकले. वाचताना मात्र संवाद झाल्यासारखा वाटतो. तिसरी तऱ्हा म्हणजे विषयच बदलतो आणि प्रश्न बुडतो. गळतीचा प्रश्न ९:२० ला आला, ९:३१ ला सेक्रेटरींनी तारीख काढली, आणि सगळे तारखेमागे लागले.

आता हा बुडालेला प्रश्न किती मोठा आहे बघा. कोटेशनमध्ये गळतीची दुरुस्ती धरलेली असेल तर रक्कम ठीक असू शकते. नसेल तर ती रक्कम नुसत्या धुण्याची, आणि खजिनदारांना ती जास्त वाटतेय. तरीही दोन दिवसांनी त्याच खजिनदार ॲडव्हान्स द्यायला निघाल्यात. कदाचित त्यांना फोनवर उत्तर मिळालं असेल. चॅटमध्ये ते नाही, म्हणून प्रश्न उघडाच धरा. पीडीएफ तुमच्याकडे असेल तर उघडा आणि वाचा. त्यात स्पष्ट लिहिलेलं असेल तर "कोटेशननुसार गळतीचं काम धरलेलं आहे" असं स्रोतासह लिहा.

प्रश्न विचारल्याच्या क्रमाने मांडू नका. कुठलं काम कशापाशी अडलंय, त्या क्रमाने मांडा, आणि प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा: उत्तर कोण देऊ शकतो, आणि कधीपर्यंत हवं. "याचं बघायला पाहिजे" असं नुसतं लिहिलं तर ते कुणीच बघत नाही.

पायरी ७ : लिहा

ग्रुपवर टाकायचा मजकूर फोनच्या एका पडद्यात, फार तर दीड पडद्यात मावावा. आपल्या मासल्याचा गोषवारा असा होईल:

> टाकी धुणे : ५ ते ८ मार्च (सायं. ८ पर्यंत) ग्रुपवरील चर्चा
>
> ठरलं
> टाकी रविवार १६ मार्चला धुवायची. (ए-१०२, ६ मार्च, स. ८:३०) शुक्रवारी पाणी उशिरा येतं आणि १४ ला धुळवड, म्हणून आधीचा गुरुवार १३ चा प्रस्ताव मागे पडला.
>
> बेत
> ॲडव्हान्स ₹२,००० सी-४०१ देणार. कधी ते ठरलेलं नाही. बिल सोसायटीच्या नावाने हवं, असं त्यांनी सांगितलंय. (७ मार्च, स. १०:०२)
> टाकीवाला रविवारी सकाळी ७ ला येणार, असं त्याने बी-३०४ यांना सांगितलं. (८ मार्च, सायं. ७:१५) खालचा प्रश्न १ पाहा.
>
> उत्तर बाकी
> १. टाकीवाल्याचा रविवार ९ चा की १६ चा? बी-३०४ यांनी आज रात्रीच विचारावं.
> २. कोटेशनमध्ये गळतीचं काम आहे का? विचारलं सी-४०१ यांनी. सांगू शकतील बी-३०४. ॲडव्हान्स देण्याआधी हवं.
> ३. टँकर सांगायचा का, आणि किती लिटरचा? ए-१०२ यांनी १४ मार्चपर्यंत ठरवावं.

लिफ्टचं यात नाही. ते वेगळ्या गोषवाऱ्यात जाईल, तिथे एकच ओळ असेल: डी-१०१ मेकॅनिकला सांगणार, सांगितलं का ते कळलेलं नाही.

कंसातली तारीख-वेळ काढून टाकू नका. कुणी "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणालं तर ग्रुपमधला तो मेसेज अर्ध्या मिनिटात सापडतो. मुदतींच्या बाबतीत प्रामाणिक राहा. "१४ मार्चपर्यंत" ही तारीख चॅटमध्ये कुणी दिलेली नाही, ती मी घातलीय, म्हणून ती प्रश्नांच्या सदरात सूचना म्हणून आहे, ठरलेल्यात नाही. तुम्हाला सुचलेल्या बाकीच्या गोष्टी, उदाहरणार्थ वरची टाकी शनिवारी रात्री भरून ठेवावी आणि खालची आधीपासून वापरून कमी करत आणावी, या चांगल्या असतील, पण त्या गोषवाऱ्याच्या खाली वेगळ्या मेसेजमध्ये स्वतःच्या नावाने टाका.

काय गाळायचं तेही सांगतो. कोण कुणावर चिडलं, कुणाच्या घरी आजारपण आहे म्हणून तारीख नको होती, कुणाचा मेंटेनन्स थकलाय, हे आत येऊ देऊ नका. तारीख बदलायला कारण हवंच असेल तर "काही रहिवाशांची अडचण" पुरे. टाकीवाल्याचा नंबरही त्यात नको, तो बी-३०४ यांच्याकडे आहे.

पायरी ८ : ग्रुपवर टाका आणि दुरुस्त्या घ्या

मजकूर आधी ज्यांची नावं त्यात आहेत त्यांना दाखवा. आपल्या मासल्यात ते फक्त सेक्रेटरी, खजिनदार आणि बी-३०४. त्यांच्या दुरुस्त्या घेऊन मग ग्रुपवर टाका, आणि ॲडमिनला तो मेसेज पिन करायला सांगा. पिन २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस ठेवता येते. १६ तारखेपर्यंत लागणार असल्याने इथे ३० दिवसांची लागेल, ७ ची पुरणार नाही.

टाकताना शेवटी एवढंच लिहा: "चूक असेल तर उद्या रात्री ९ पर्यंत सांगा." आलेली दुरुस्ती मूळ मेसेजमध्ये करायची तर व्हॉट्सॲपवर पाठवल्यापासून १५ मिनिटंच मिळतात. त्यानंतर नवा मेसेज टाका, वर "सुधारित, ९ मार्च" लिहा, आणि जुन्याची पिन काढायला लावा. दोन गोषवारे एकाच वेळी वर लटकत असले तर लोक नेमका जुना वाचतात.

उत्तरं आली की प्रश्न यादीतून खोडून वर "ठरलं" किंवा "बेत" यांत हलवा, तारीख-वेळेसकट. काम झालं, बिल खजिनदारांकडे पोचलं, की कॉम्प्युटरवरची आणि मेलमधली ती चॅटची फाइल काढून टाका. तिच्यात सोसायटीतल्या लोकांची नावं, फोन नंबर आणि चार दिवसांची भांडणं आहेत.